पंच्याण्णव मिनिटांचं करायचं काय?

विल्कॉक्सनची क्रमांकांवर चालणारी चाचणी समजून घ्यायला आज एकच उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. एक यंत्र जोडायच्या सूचना दोन प्रकारे लिहिल्या आहेत. दहा माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकून पाच जणांना पहिल्या सूचना दिल्या, पाच जणांना दुसऱ्या. यंत्र जोडायला लागलेली मिनिटं अशी आली, समजा. पहिला गट: ११, १२, १३, १५, १९. दुसरा गट: १६, १८, २१, २४, ९५.

आकडे नुसते पाहिले तरी पहिल्या सूचना बऱ्या वाटतात. सरासऱ्या १४ आणि ३४.८ आहेत, म्हणजे फरकही मोठा आहे. तरीही टी-चाचणी केली तर टीचं मूल्य जेमतेम १.३७ येतं आणि पी-मूल्य ०.२ च्या आसपास राहतं. याला कारण ते ९५. त्यानं सरासरी वर खेचली हे खरं, पण विचलन त्याहून जास्त फुगवलं, आणि टीच्या सूत्रात विचलन छेदात असतं. गंमत बघा, ९५ च्या जागी २९ असते तर सरासऱ्यांमधला फरक ७.६ वर आला असता, पण टी २.८ झाला असता आणि पी-मूल्य ०.०२ च्या जवळ गेलं असतं. फरक कमी झाला आणि पुरावा वाढला!

मग ९५ काढून टाकायचे का? नाही. तो माणूस खरोखर अडकला होता, ती मोजणीतली चूक नव्हे. कामाला लागणारा वेळ असाच असतो: बहुतेकांचा आटोपशीर, एखाद्याचा फार लांबलेला. मोठ्या नमुन्यात सरासरीचं वितरण पुष्कळदा प्रसामान्य वितरणाच्या जवळ जातं, म्हणून टी-चाचणी असे आकडे बऱ्याच अंशी पचवते. पाच-पाच आकड्यांत ती सोय नाही.

फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये सुचवलेला मार्ग साधा आहे. गट विसरा, दहाही आकडे एका ओळीत लावा आणि १ ते १० क्रमांक द्या. पहिल्या गटाला १, २, ३, ४ आणि ७ मिळतात, बेरीज १७. दुसऱ्याला उरलेले, बेरीज ३८. ९५ ला फक्त १० वा क्रमांक मिळाला. तिथे २९ असते किंवा ९५० असते, तरी दहावाच.

आता १७ ही बेरीज कमी म्हणायची का, हे ठरवायला कोणतंही वितरण गृहीत धरावं लागत नाही, आणि मला या चाचणीतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. सूचनांमुळे काहीच फरक पडत नसेल, तर प्रत्येकाला तेवढाच वेळ लागला असता. कोण कुठल्या गटात गेला हे केवळ चिठ्ठ्यांनी ठरलं. दहांतून पाच निवडायचे २५२ मार्ग आहेत आणि सगळे सारखेच शक्य. सर्वांत लहान बेरीज १+२+३+४+५, म्हणजे १५. ती एकाच मार्गानं मिळते. १६ सुद्धा एकाच, १७ दोन मार्गांनी. म्हणजे १७ किंवा त्याहून कमी बेरीज २५२ पैकी ४ वेळा. दुसऱ्या टोकाचे तेवढेच ४ धरले की ८/२५२, म्हणजे ०.०३२. कोष्टकाशिवाय, कागदावर.

आर या संगणकभाषेत हेच करून पाहा:

```
a <- c(11, 12, 13, 15, 19)
b <- c(16, 18, 21, 24, 95)
wilcox.test(a, b)
```

पडद्यावर `W = 2` दिसेल, १७ नाही. घाबरू नका. १७ मधून शक्य तेवढी लहान बेरीज, १५, वजा केलेली असते. हाच मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये मांडलेला यू. त्याचा अर्थ सरळ आहे: गटांतून एकेक आकडा घेऊन होणाऱ्या २५ जोड्यांपैकी फक्त २ मध्ये पहिल्या गटाचा आकडा मोठा आहे, १९ हा १६ आणि १८ पेक्षा. निष्कर्ष लिहिताना पी-मूल्यासोबत हे ‘२५ पैकी २’ जरूर लिहा. वाचणाऱ्याला त्यातूनच जास्त कळतं.

आकडे सारखे आले तर क्रमांकांची सरासरी वाटून द्यायची; तेव्हा मात्र वरची नेमकी मोजणी जशीच्या तशी लागू होत नाही. आणि नमुना किती लहान चालेल? तीन-तीनचे गट असतील तर निवडीचे मार्ग फक्त २०. गट पूर्णपणे वेगळे निघाले तरी दोन्ही टोकं धरून पी-मूल्य २/२०, म्हणजे ०.१० च्या खाली जाऊच शकत नाही. ०.०५ ची अट लावून तीन-तीनवर ही चाचणी करणं म्हणजे निकाल आधीच ठरवून टाकणं. चार-चार घेतले की मार्ग ७० होतात आणि ०.०२९ गाठता येतं.

एक गैरसमज फार पसरलेला आहे, की ही चाचणी मध्यकांची तुलना करते. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असून एक नुसतं सरकलेलं असेल, तरच तसं म्हणता येतं. एका गटाचा पसारा दुसऱ्यापेक्षा पुष्कळ मोठा असेल तर ते विधान टिकत नाही. आपल्या उदाहरणातही दुसरा गट बराच पसरलेला आहे, म्हणून ‘मध्यक ८ मिनिटांनी कमी झाला हे सिद्ध झालं’ असं मी लिहिणार नाही. ‘पहिल्या सूचना घेतलेल्यांना बहुधा कमी वेळ लागतो’ एवढंच लिहीन.