पंखाची मुंगी की पंखाची वाळवी? फोटोतून ओळखताना

मृगाचा पाऊस पडला की सोलापुरात घरोघरी ट्यूबलाइटखाली पंखांचा खच पडतो. मग व्हॉट्सॲपवर फोटो येतात: एक काळा ठिपका, खाली प्रश्न, ‘ही वाळवी आहे का?’ त्या ठिपक्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. झुरळाचं तसं सोपं असतं. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळे उभे पट्टे आणि लांबी दीड सेंटिमीटरच्या आत असेल, तर ते स्वयंपाकघरातलं छोटं जर्मन झुरळ. पंखवाल्यांमध्ये मात्र गफलत होते.

आधी किडा डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो सुस्तावतो. मग पांढऱ्या कागदावर घ्या, शेजारी पट्टी ठेवा. मोबाइल अगदी चिकटवलात तर फोकस लागत नाही. दहा-बारा सेंटिमीटरवर धरा, दुप्पट झूम करा आणि स्क्रीनवर किड्याच्या डोक्यावर बोट टेकवा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पंख चकाकतात आणि बाकी काही दिसत नाही. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. एक फोटो वरून आणि एक बाजूने काढा. हा दुसरा फोटो लोक काढत नाहीत, आणि नेमका तोच लागतो, कारण मिटलेल्या पंखांखाली कंबर झाकलेली असते.

समजा, खिडकीच्या कट्ट्यावरच्या एका किड्याचा फोटो आला. रंग गडद तपकिरी, शरीर सेंटिमीटरभर. रंगावर जाऊ नका, पंखाची वाळवीही काळपट असते. फोटो मोठा करून मिशा पाहा: बारीक मण्यांच्या माळेसारख्या, कुठेही कोपर नाही. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते. बाजूच्या फोटोत कंबर सरळ, जाड. मुंगीची तिथे चिमटा काढल्यासारखी बारीक असते. चारही पंख एका लांबीचे आणि शरीराच्या बरेच मागे गेलेले. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात. म्हणजे ही वाळवीच. पंख गळून गेले असतील तरी मिशा आणि कंबर पुरेशी आहे. उलट किडा नसेल, नुसते पंख असतील, तर दहा-बारा पंख ओळीने मांडून फोटो काढा. सगळे सारख्या लांबीचे निघाले तर वाळवीचा संशय पक्का धरा.

पण वाळवी निघाली म्हणजे घर पोखरलं असं नव्हे. बाहेरच्या वारुळातले किडेही उजेडाला उघड्या खिडकीतून येतात. ते चौकटीच्या बुडातून किंवा फरशीच्या फटीतून बाहेर पडताना दिसले, तर काळजीचं. त्या फटीचा आणि भिंतीवरच्या मातीच्या नळीचाही फोटो घ्या. नळी मध्ये दोन सेंटिमीटर फोडा, फोटो काढा, दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा काढा. ओल्या मातीने भोक बुजलेलं दिसलं तर आत वाळवी चालू आहे. बुजलं नाही म्हणून ती गेली असं मात्र धरू नका. कधी कधी ती वाट सोडून दुसरीकडून जाते.