दुसऱ्या शाखेच्या निमित्ताने: घाण्यावरच्या माणसांचे आभार

नमस्कार श्रोतेहो.

बार्शीत आमचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे आणि आज सकाळी सोलापुरात त्याची दुसरी शाखा सुरू झाली. उद्घाटनाला आलेल्या सर्वांचे आभार मी तेथे मानलेच. परंतु ज्यांच्यामुळे ही शाखा निघू शकली, त्यांतील पुष्कळ जण आज येऊ शकले नाहीत. सध्या करडईची काढणी चालू आहे. काटे दवाने मऊ असतात तोवरच, म्हणजे पहाटे आणि सकाळी, ती कापून घ्यावी लागते, आणि अशा दिवसांत उभे पीक सोडून कोणी समारंभाला यावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्यांच्यापर्यंत, तसेच बार्शीचा घाणा आजही चालू ठेवून तेथेच थांबलेल्या सहकाऱ्यांपर्यंत हे बोलणे पोचावे, म्हणून रेडिओवरून बोलण्याची ही संधी मला फार मोलाची वाटते.

सर्वांत आधी पहिल्या गिऱ्हाइकांविषयी सांगते. ही मंडळी आमच्याकडे तेल विकत घ्यायला आली नव्हती, तर घरचे शेंगदाणे आणि करडई घेऊन ते गाळून मागायला आली होती. आमचे नाव कोणाला माहीत नव्हते, तेव्हा आमच्या तेलावर विश्वास ठेवायला काही आधारही नव्हता. आपल्या शेतातला माल आपल्या डोळ्यांसमोर घाण्यात पडावा आणि त्याचेच तेल आपल्या किटलीत यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

वैरागकडून आलेल्या एका काकूंचे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण आमच्या कामाची आजची पद्धत त्यांच्यापासून सुरू झाली. त्यांनी पंधरा किलो शेंगदाणे आणले होते. घाणा संपेपर्यंत त्या तेथेच बसून राहिल्या आणि तेल निघाल्यावर म्हणाल्या, "आता तेल जोखा, आणि पेंडही जोखा." तेल भरले सहा किलो, आणि पेंड भरली नऊ किलोंच्या आसपास. शेंगदाण्यात तेलाचे प्रमाण साधारण पंचेचाळीस ते पन्नास टक्के असते. लाकडी घाण्यात दाण्याच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल हाती येते आणि उरलेले पेंडेत राहते. त्यात गाळपाच्या वेळी शिंपडलेले थोडे पाणीही पेंडेत उतरते, म्हणून पेंडेचे वजन त्या मानाने जास्त भरते. काकूंना हिशोब पटला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, की सहा किलो तेल असताना माप मात्र साडेसहा लिटरच्या वर कसे गेले? तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन साधारण नऊशे दहा ग्रॅम भरते, हे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच ओळखले की बाजारातला पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा एकच नव्हे. या दोहोंत जवळजवळ सव्वा ते दीड किलो तेलाचा फरक पडतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक गाळपाची तीन वजने होतात: आलेला माल, निघालेले तेल आणि निघालेली पेंड. ती गिऱ्हाइकासमोर होतात आणि चिठ्ठीवर लिहून दिली जातात. सोलापूरच्या शाखेत शिरताच समोर मोठा काटा दिसतो, त्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवलेला आहे. काकू, ऐकत असाल तर, ती जागा आम्ही तुम्हाला आठवूनच ठरवली.

करडई आणणाऱ्या शेतकऱ्यांचे आभार थोडे निराळ्या कारणासाठी मानायचे आहेत. करडईचे टरफल जाड असते आणि तेल कमी. पंधरा किलो करडईतून आमच्या घाण्यावर चार किलोंच्या आतच तेल निघते. शेंगदाण्याचा उतारा पाहिलेल्या माणसाला हा आकडा पहिल्यांदा ऐकताना शंका येणे स्वाभाविक आहे. तुम्ही ती शंका तोंडावर विचारलीत, बाजारात कुजबुज केली नाहीत, आणि पुढच्या हंगामात पुन्हा माल घेऊन आलात. नव्या व्यवसायाला याहून मोठे साहाय्य कोणते मिळू शकते, हे मला आजही सुचत नाही.

आता माझ्या सहकाऱ्यांकडे वळते. घाणा म्हणजे लाकडी उखळ आणि त्यात सावकाश फिरणारे लाकडी खोड, इतकेच बहुतेकांना दिसते. बैलाच्या जागी मोटर आली, त्यामुळे बटण दाबले की तेल येते असाही समज आहे. प्रत्यक्षात एक घाणा निघायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो आणि त्या वेळात घाण्यावरच्या माणसाला हात, कान आणि नाक तिन्ही जागे ठेवावे लागतात. आमचे घाणेवाले मामा हे काम लहानपणापासून करत आले आहेत. शेंगदाणे भरडून पीठ होऊ लागले की त्यावर पाण्याचा शिडकावा करावा लागतो, कारण थोडा ओलावा मिळाल्याशिवाय चोथा एकत्र बांधला जात नाही आणि तेल सुटे होत नाही. पाणी कमी पडले तर पीठ भुसभुशीत राहून तेल त्यातच अडकते. जास्त झाले तर तेल गढूळ निघते, पुढे निवळत नाही आणि लवकर खवट होते. किती पाणी घालायचे याचे ठरीव माप नाही, कारण पावसाळ्यातला दाणा आणि उन्हाळ्यातला दाणा सारखा नसतो. मामा मूठभर चोथा उचलून दाबतात. बोटांचे ठसे उमटले आणि कडेने तेल चमकले की ते हात आखडता घेतात. सकाळचा पहिला घाणा गार लाकडामुळे थोडे कमी तेल देतो, म्हणून तो आमच्या स्वतःच्या मालाचा काढायचा आणि गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्यापासून घ्यायचा, हा नियमही मामांनीच घातला. तो मी कधी मोडू दिलेला नाही आणि नव्या शाखेतही मोडू देणार नाही.

मामांच्या आधी माल ज्यांच्या हातांखालून जातो, त्या निवडणाऱ्या मावशींचे काम कोणाच्या नजरेस येत नाही, आणि माझ्या मते आमच्याकडचे सर्वांत जबाबदारीचे काम तेच आहे. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्याला बुरशी लागते. त्यांतल्या एका जातीच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताला घातक असते. कारखान्यात तेल शुद्ध करताना अशा पुष्कळशा गोष्टी निघून जातात. आमच्या तेलावर मात्र निवळणे आणि कापडातून गाळणे यापलीकडे कोणतीही प्रक्रिया होत नाही. म्हणजे खराब दाणा घाण्यात पडण्याआधीच बाहेर काढणे, हाच आमच्याकडे खरा उपाय आहे. काळपट, सुरकुतलेला, साल सुटून आत पिवळा पडलेला दाणा मावशी सुपातून वेगळा करतात. शंका आली तर दाणा दाताखाली धरून पाहतात: वाळलेला दाणा कट्कन तुटतो, ओला दबतो. ओल्या दाण्याचे पोते परत वाळवणाला जाते, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बाजूला काढलेला खराब दाणा पेंडेतही जात नाही, कारण ती पेंड दुभत्या जनावरांपुढे पडते. घरी मुलांचे डबे करून वेळेवर येणाऱ्या आणि मान मोडेपर्यंत सुपावर वाकून बसणाऱ्या या मावशींच्या पारखी नजरेवर आमच्या नावाचा सगळा भरवसा आहे. मावशींनो, आजच्या कार्यक्रमात फीत तुमच्यापैकी सर्वांत जुन्या मावशींच्या हातून कापली गेली, हे मला योग्यच वाटते.

तेल निघाल्यानंतर ते स्टीलच्या पिंपात तीन-चार दिवस स्वस्थ ठेवावे लागते, म्हणजे गाळ तळाशी बसतो. पहिल्या वर्षी "आजच द्या" म्हणणारे पुष्कळ होते. पिंपाची जबाबदारी सांभाळणारा आमचा तरुण सहकारी प्रत्येकाला शांतपणे सांगे, की गाळासकट तेल नेले तर कढईत फेस येईल, तेल लवकर काळे पडेल आणि आठवड्याभरात वास बदलेल. घाई असलेल्यांनी निदान घरी बरणी हलवू नये आणि वरचेच तेल वापरावे. बाटली उजेडासमोर धरून आरपार दिसल्याशिवाय तो झाकण लावत नाही. सोलापूरची शाखा आता तोच सांभाळणार आहे.

या शाखेतला घाणा नवा आहे, आणि नवे लाकूड आधी स्वतः तेल पिते. त्यातून निघालेले सुरुवातीचे तेल गडद असते, त्याला लाकडाचा वास येतो आणि उताराही कमी पडतो. म्हणून मामा बार्शीहून येऊन येथे राहिले आणि लाकूड मुरेपर्यंत त्यांनी घाणे काढून बाजूला ठेवले. त्यातले थेंबभर तेलही विकले गेलेले नाही. त्यांनी शिकवलेले दोन तरुण आता येथे काम पाहतील आणि अवघड माल आला तर मामांना बोलावले जाईल. बार्शीचा घाणा मामांच्या हातीच राहील. दुसऱ्या शाखेसाठी पहिल्या शाखेचा हात कमजोर करायचा नाही, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले.

सोलापूरच्या नव्या गिऱ्हाइकांना आमच्या तेलाच्या मर्यादा आजच सांगणे मला आवश्यक वाटते. हे तेल औषध नाही आणि तसा दावा आमच्या एकाही बाटलीवर नाही. ते उजेडापासून दूर ठेवावे आणि तीन महिन्यांच्या आत संपवावे. करडईचे तेल तर त्याहूनही लवकर, कारण हवा लागली की ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होते. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. किमतीत आम्ही मोठ्या कारखान्यांच्या बरोबरीला येऊ शकत नाही, कारण पेंडेत राहिलेले तेलही ते रसायनाने काढून घेतात आणि आम्ही ते पेंडेतच सोडतो. त्या पेंडेला दूधवाल्यांकडून चांगला भाव मिळतो म्हणूनच आमचा भाव थोडा तरी खाली राहतो, तेव्हा बार्शीच्या गोठेवाल्या मंडळींचेही मी येथे मनापासून आभार मानते.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी एक व्यावहारिक सूचना. ज्यांना बार्शीपेक्षा सोलापूर जवळ पडते, त्यांनी आपला माल येत्या सोमवारपासून येथे आणावा. बार्शीच्या वहीतील तुमचे खाते आणि पेंडेचा जमा हिशोब येथेही उतरवून घेतला आहे. घरच्या मालाचे तेल तुमच्या स्वतःच्या भांड्यात मिळेल. विकत घ्यायचे तेल मात्र बंद बाटलीत किंवा डब्यातच मिळेल, कारण सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने बंदी आहे. भांडे कोरडे आणि झाकणाचे असावे. नव्या करडईला मळणीनंतर चांगले ऊन द्यावे आणि पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत. ज्यांची काढणी अजून उरकायची आहे त्यांनी घाई करू नये, तुमच्या मालासाठी महिनाअखेरपर्यंतचे दिवस राखून ठेवण्यास मी दोन्ही शाखांना सांगितले आहे.

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नमस्कार.