रिले बंद होतो तेव्हा

फोंड्यात हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी कुळागर आहे, आणि कुळागर म्हटलं की पंप आलाच. त्यामुळे मायक्रोकंट्रोलर हातात पडला की पहिला बेत ठरलेला असतो: टाकी भरली की पंप आपोआप बंद झाला पाहिजे. मी आज टाकीबद्दल बोलणार नाही, सेन्सरबद्दलही नाही. मायक्रोकंट्रोलरची पिन आणि रिले यांच्यामध्ये एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि एक डायोड लागतो. तेवढ्याबद्दलच बोलतो. तयार मॉड्यूल मिळतं हे मला माहीत आहे, पण ते बिघडलं की आत हेच निघतं.

हा नेहमीचा निळा, चौकोनी, पाच व्होल्टचा रिले. याच्या कॉइलच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावला तर साधारण ७० ओहम दाखवतो. पाच व्होल्टला भागिले ७०, म्हणजे सुमारे ७१ मिलिअँपिअर. आता अर्दुइनो उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपचं डेटाशीट उघडा. एका पिनसाठी ४० मिलिअँपिअर हा आकडा दिसतो. पण तो रोज चालवायचा आकडा नाही, त्यापलीकडे चिप खराब होऊ शकते अशी ती हद्द आहे. निवांत चालवायचं तर २०. ईएसपी३२ असेल तर पिनवर मुळात ३.३ व्होल्टच येतात, आणि हा रिले ओढायला ३.७५ व्होल्ट लागू शकतात. म्हणजे पिनला थेट कॉइल जोडायची नाही. मधे ट्रान्झिस्टर हवा.

जोडणी सोपी आहे. कॉइलचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, आणि एमिटर ग्राउंडला. पिनमधून एक रेझिस्टर बेसला. रिलेसाठी वेगळा सप्लाय घेतलात तर त्याचं ग्राउंड आणि बोर्डाचं ग्राउंड एकत्र जोडलेलं हवं, नाहीतर बेसमधून करंटला परतायला वाटच उरत नाही. काही जण रिले एमिटरच्या बाजूला टाकतात. तसं केलं की बेसपेक्षा ०.७ व्होल्ट कमीच कॉइलला मिळतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ते २.६ होतात, आणि रिले ढिम्म बसून राहतो.

आता त्या बेसच्या रेझिस्टरकडे जरा थांबून बघू. नेटवरच्या आकृत्या बघून बरेच जण तिथे १० के लावतात. पिन पाच व्होल्टची, बेसवर ०.७ पडतात, उरले ४.३. भागिले दहा हजार, म्हणजे ०.४३ मिलिअँपिअर बेसमध्ये जातो. बीसी५४७ चा गेन ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकतो. ए, बी, सी हे शेवटचं अक्षर त्याच्यासाठीच असतं. सी गटातला ट्रान्झिस्टर लागला तर ०.४३ मध्येही कॉइलला हवा तेवढा करंट तो सोडू शकतो आणि रिले टक् करून ओढतो. ए गटातला, ११० गेनचा लागला तर मात्र ४७ मिलिअँपिअरवर अडकतो. ७० ओहमच्या कॉइलवर मग ३.३ व्होल्टच पडतात. रिले ओढतच नाही, आणि राहिलेले १.७ व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःवर घेऊन उगाच तापत बसतो. माणूस मग प्रोग्राम तपासतो, बोर्ड बदलतो, रिले बदलतो, आणि दोष असतो त्या तपकिरी-काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये.

स्विच म्हणून वापरताना गेनचा आकडा विसरायचा. कॉइलचा करंट भागिले १५ ते २०, एवढा करंट बेसमध्ये सरळ ढकलायचा. ७१ ला साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास लागतो, आणि १ के लावला की ४.३ मिळतो. झालं काम. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ५६० ओहम लावा, तिथेही साडेचारच्या वरच येतो. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला की नाही हे कळायला रिले चालू असताना कलेक्टर आणि एमिटरमध्ये मीटर लावा. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर बेस उपाशी आहे, नाहीतर पाय उलटसुलट लागलेत. बीसी५४७ ची सपाट बाजू तोंडासमोर आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकचा २२२२ बहुधा याच्या नेमका उलट असतो. माझं विचाराल तर मी बीसी३३७ लावतो. पायांचा क्रम बीसी५४७ सारखाच, पण १०० ऐवजी ८०० मिलिअँपिअरची क्षमता. ७१ ला १०० ची हद्द मला फार जवळची वाटते.

इथपर्यंत रिले चालू झाला. आता तो बंद करू, कारण खरी गंमत तिथे आहे.

कॉइल म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार. करंट वाहत असताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि त्यात ऊर्जा साठलेली असते. आपण पिन लो केली, ट्रान्झिस्टरने वाट बंद केली. पण कॉइलमधला करंट एका क्षणात शून्य होऊ शकत नाही. कुळागरात पाइपातून जोरात पाणी चाललं असताना व्हॉल्व्ह झटकन बंद करा, पाइपाला दणका बसतो. तसंच हे. करंट त्याच दिशेने, कलेक्टरकडे, वाहायचा हट्ट धरतो. पुढे वाट नाही म्हणून त्या टोकाचं व्होल्टेज चढत जातं. पाच, वीस, चाळीस, आणि कुठेतरी काहीतरी फुटून वाट मिळेपर्यंत चढतच राहतं. बीसी५४७ कलेक्टर-एमिटरमध्ये ४५ व्होल्ट सहन करतो. बहुतेक वेळा फुटतो तो तोच.

पण पहिल्याच वेळी मरत नाही, आणि हेच फसवं आहे. टेबलावर दहा वेळा टक्-टक् करून बघितलं, सगळं ठीक. मग कधीतरी रिले बंद होताना डिस्प्लेवर चित्रविचित्र अक्षरं येतात, कधी बोर्ड रिसेट होतो. शेवटी ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट होतो. शॉर्ट म्हणजे रिले कायमचा चालू. पिन लो आहे, प्रोग्राम म्हणतो पंप बंद, आणि टाकी वाहतेय. सप्लाय काढून, ट्रान्झिस्टर बोर्डावरून सोडवून मीटरच्या बझरवर कलेक्टर-एमिटर तपासा. दोन्ही बाजूंनी वाजला तर तो गेलेला आहे.

यावर उपाय एका डायोडचा. डायोड कॉइलला समांतर, पट्टीचं टोक पाच व्होल्टकडे, दुसरं कलेक्टरकडे. रिले चालू असताना तो उलटा असतो, काहीच करत नाही. ट्रान्झिस्टर बंद झाला की कलेक्टरचं टोक पाच व्होल्टच्या वर जाऊ पाहतं, तेवढ्यात डायोड उघडतो आणि करंट कॉइल-डायोड-कॉइल असा गोल फिरत तारेच्याच रेझिस्टन्समध्ये विरून जातो. कलेक्टर ५.७ च्या वर जात नाही. ऑसिलोस्कोपवर डायोडशिवाय उंच सुळका दिसतो आणि डायोड लावला की सपाट कट्टा. मल्टिमीटरवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ‘मी मोजलं, पाचच व्होल्ट आहेत’ हे म्हणणं इथे कामाचं नाही.

कुठला डायोड? १एन४००७ सगळ्यांकडे असतो, तोच लावा. १एन४१४८ सुद्धा चालतो, कारण डायोडमधून जास्तीत जास्त कॉइलचाच करंट जाणार, म्हणजे ७१ मिलिअँपिअर. पट्टी मात्र उलटी लागू देऊ नका. उलटा डायोड म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी पाच व्होल्ट डायोडमधून ट्रान्झिस्टरवर थेट येतात. मग ट्रान्झिस्टर तरी चटका देतो, नाहीतर सप्लाय बसून बोर्ड रिसेट होतो. आणि डायोड रिलेजवळच सोल्डर करा, लांब वायर काढून बोर्डाच्या टोकाला नको.

दुसरा रेझिस्टर राहिला. १० के, बेस आणि ग्राउंडमध्ये. पावसात इथे वीज जाते-येते. वीज आल्यावर प्रोग्राम सुरू होईपर्यंत पिन इनपुट असते, म्हणजे अधांतरी. त्या क्षणांत बेसला खाली धरून ठेवायला हा रेझिस्टर. ईएसपी८२६६ च्या काही पिना सुरू होताना हायच असतात. त्यांच्यावर पंपाचा रिले जोडूच नका, तिथे हा १० के पुरा पडणार नाही.

एका मुलीने विचारलं, “सर, डायोडमुळे रिले उशिरा सुटतो म्हणतात, ते खरं का?” खरं आहे. करंट फिरत राहतो तोवर चुंबक धरून ठेवतो, त्यामुळे काही मिलिसेकंद जास्त लागतात. टाकीला त्याने काही फरक पडत नाही. पण संपर्क हळू उघडतात, मोठा लोड तोडताना ठिणगी जास्त वेळ टिकते आणि संपर्क लवकर झिजतात. तिथे डायोडच्या सिरीजमध्ये उलट्या दिशेने २४ व्होल्टचा झीनर टाकतात. कलेक्टर मग ३० व्होल्टच्या आसपास जातो, ४५ च्या आतच राहतो, आणि करंट लवकर संपतो.

मागून एक वायरमन म्हणाले, “डायोड लावलाय, पट्टीही बरोबर आहे, तरी पंप बंद होताना बोर्ड हँग होतो.” त्यांना मी सांगितलं, पंपाची वायर काढा आणि नुसता रिले चालू-बंद करून बघा. आता हँग होत नसेल तर कॉइलचा दोष नाही, त्रास संपर्कांच्या बाजूने येतोय. त्यांचा पंप एक हॉर्सपॉवरचा. असली मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, दहा अँपिअरचा हा छोटा रिले तिथे लावायचाच नाही. संपर्क चिकटून बसतात. छोट्या रिलेने काँटॅक्टरची कॉइल चालवायची आणि काँटॅक्टरने मोटर.

पण काँटॅक्टरची कॉइल २३० व्होल्ट एसीची असेल तर तिच्यावर डायोड चुकूनही लावू नका. दर सायकलच्या एका अर्ध्या भागात तो मेन्स शॉर्ट करेल. तिथे १०० ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून कॉइलच्या दोन टोकांवर लावायचा. रिलेच्या संपर्कांवर लावलात तर रिले उघडा असतानाही त्यातून सात मिलिअँपिअर वाहत राहतात, आणि लहान काँटॅक्टर तेवढ्यावर गुणगुणत राहतो, कधी सुटतच नाही. म्हणून तो कॉइलवरच.