खर्ऱ्यात टार कुठं असते?

[दृश्य : सीताबर्डी, सकाळची वेळ. पानठेल्यावर खर्रा घोटणारे हात.]

सुपारीचा चुरा, तंबाखू, नखभर चुना. पन्नीत गुंडाळायचं आणि फळीवर घासत राहायचं. याला नागपुरात खर्रा घोटणं म्हणतात. यात काही पेटत नाही. धूर नाही, राखही नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

[दृश्य : ऑटोचा आरसा, त्यात चालकाचा चेहरा.]

हे भाऊ चौदा वर्षांपासून रोज सात-आठ खर्रे खातात. वर्षभरापासून सावजी रस्सा तोंडाला लावला की आग होते. दंतवैद्याकडे आले, तेव्हा तोंडात तीन बोटं उभी मावायला हवी होती, तिथे जेमतेम दोन मावली. गालाच्या आतून बोट फिरवलं, तर दोरीसारखे ताठ पट्टे लागले.

डॉक्टर म्हणाल्या, "भाऊ, खर्रा आजपासून बंद करा."

भाऊंचं उत्तर तयार होतं. "मॅडम, मी मोबाईलवर पाहिलं. कॅन्सर निकोटीननं होत नाही, टारनं होते. खर्ऱ्यात टार कुठं असते?"

त्यांनी ऐकलेलं वाक्य खोटं नव्हतं, पण ते सिगारेटबद्दलचं होतं. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी 1976 मध्ये लिहिलं होतं, की लोक धूम्रपान करतात निकोटीनसाठी आणि मरतात टारमुळे. टार हा एक पदार्थ नव्हे. प्रयोगशाळेत यंत्र सिगारेट ओढतं, धुरातले कण फिल्टरवर अडकतात. त्यांच्या वजनातून पाणी आणि निकोटीन वजा केलं, की जे उरतं त्याला टार म्हणतात. म्हणजे निकोटीन काढून टाकल्यावरच टारचा आकडा मिळतो. जळण्यातून तयार झालेली बेंझोपायरीनसारखी कॅन्सरकारक द्रव्यं याच उरलेल्या ऐवजात असतात.

[दृश्य : पन्नीतल्या खर्ऱ्याचा जवळून घेतलेला शॉट.]

खर्ऱ्यात टार नाही, हे भाऊंचं म्हणणं बरोबरच आहे. पण टार नाही म्हणून धोका नाही, हे त्यांनी स्वतः जोडलेलं होतं. तंबाखूची पानं वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटीनची आणि त्याच्या भावंड-द्रव्यांची नायट्राइटशी प्रक्रिया होते. त्यातून नायट्रोसामाइन्स तयार होतात. आग न लावता, पानातच. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन द्रव्यं माणसाला कॅन्सर करतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवलं आहे. कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांच्या त्याच पहिल्या गटात सुपारीही आहे. तंबाखू न घातलेली, नुसती सुपारी. गालातले ते ताठ पट्टे मुख्यतः तिचेच. त्या आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

निकोटीन त्या संस्थेच्या कॅन्सरकारकांच्या यादीत नाही.

[दृश्य : दवाखान्यातलं टेबल, त्यावर निकोटीन गमची पट्टी.]

खर्रा सोडताना तलफ आवरायला डॉक्टरांनी निकोटीनचा गम दाखवला, तेव्हा भाऊ बिचकले. "यात तर निकोटीन हाय. यानंच कॅन्सर झाला तर?"

एकाच माणसाच्या मनात दोन्ही चुका शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. खर्ऱ्याची भीती नाही, औषधाची आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या एका अभ्यासात तीन हजारांहून जास्त लोकांवर सात-साडेसात वर्षं लक्ष ठेवलं गेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध धूम्रपानाशी दिसला, निकोटीन गमशी दिसला नाही. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर निकोटीननं आधीच असलेल्या गाठीच्या वाढीला मदत केल्याचं आढळलं आहे. म्हणून "निकोटीन निर्दोष आहे" असं डॉक्टर म्हणत नाहीत. ते व्यसन लावतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, गरोदरपणात बाळाला त्रासदायक ठरू शकतं. पण भाऊंपुढची तुलना निकोटीन की काहीच नाही, अशी नव्हती. काही महिन्यांचा गम, की रोजचे आठ खर्रे, अशी होती.

मग वेगळीच अडचण निघाली. गम खर्ऱ्यासारखा चघळत राहायचा नसतो. हळूहळू चावायचा, झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवायचा. पण भाऊंचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं आणि जबडा लवकर दुखायचा. त्यांना गम झेपणार नव्हता.

डॉक्टरांनी पॅच निवडला. तोंडाचा काही संबंधच नाही. रोज सकाळी दंडावर, नवी जागा पाहून, नवा पॅच. निकोटीन कातडीतून संथ मुरतं आणि तलफ थोडी उतरते.

"आणि नुसती सुपारी चालेल ना, मॅडम? तंबाखू सोडून?"

"नाही भाऊ. तुमच्या गालाचे हे हाल सुपारीनंच केले."

[दृश्य : ऑटो. हँडलवर हात, बाहीखाली पॅचची कड दिसते.]

पुढच्या महिन्यात पुन्हा तीच तपासणी आहे. पट्टे मऊ होण्याची शक्यता कमी, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलंय. त्या बोटं मोजतील, आणि गालात कुठे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल डाग दिसतो का, ते पाहतील.