पाकीट संपल्यावरचे सात दिवस

नमस्कार मैत्रिणींनो. ज्यांनी गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट पहिल्यांदाच हातात घेतलंय, आणि सोबतचा तो बारीक अक्षरांचा कागद उघडून परत घडी घालून ठेवलाय, त्यांच्याशी आज बोलायचंय.

कॉम्बाइंड गोळी म्हणजे दोन हार्मोन्स एकत्र, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. ही गोळी थेट बीजकोषावर जाऊन काही करते असं बऱ्याच जणींना वाटतं, पण खरं काम होतं मेंदूत. दर महिन्याला मेंदूखालची पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी आधी एफएसएच नावाचं हार्मोन सोडते, त्याने बीजकोषातलं एक फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज असलेली पाण्याची पिशवी, वाढायला लागते, आणि ती पुरेशी मोठी झाली की त्याच ग्रंथीतलं एलएच हे दुसरं हार्मोन एकदम उसळतं, पिशवी फुटते आणि बीज बाहेर पडतं. आता रोज बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदूला वाटतं की बीजकोषाचं काम तर चालूच आहे, मग तो एफएसएच कमी करतो. पिशवी वाढतच नाही, आणि समजा थोडी वाढलीच तरी प्रोजेस्टिनमुळे एलएचची उसळी येत नाही, म्हणजे बीज बाहेर यायचा प्रश्नच नाही.

दुसरं काम गर्भाशयाच्या तोंडाशी होतं. एरवी बीज बाहेर पडायच्या सुमाराला तिथला स्राव कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा होतो, पातळ, पारदर्शक, दोन बोटांत धरून ताणला तर तार निघते, आणि त्यातून शुक्राणू आरामात पोहत वर जातात. प्रोजेस्टिनमुळे तोच स्राव कमी, घट्ट आणि चिकट होतो, तार निघत नाही आणि शुक्राणू तिथेच अडकतात. त्यामुळे गोळी चालू असताना ते ताणलं जाणारं पाणी दिसेनासं झालं तर घाबरू नका, तसंच व्हायला हवं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पाकिटात २१ गोळ्या असतात, मग सात दिवस सुट्टी (२८ गोळ्यांच्या पाकिटात बहुतेक वेळा शेवटच्या सात बिनहार्मोनच्या असतात, त्यातली एखादी विसरली तर काही बिघडत नाही). या सुट्टीत रक्तस्राव होतो पण ती खरी पाळी नव्हे, हार्मोन थांबल्यामुळे आतलं अस्तर सुटतं एवढंच. आणि याच दिवसांत मेंदूवरचा दाब उठतो, एफएसएच हळूहळू वाढतं, पिशवी परत वाढायला लागते. सातव्या दिवसापर्यंत ती सहसा फुटण्याइतकी मोठी होत नाही, आठव्या दिवशी नवीन गोळी पोटात गेली की पुन्हा दबते. म्हणून विसरायला सगळ्यात वाईट गोळी म्हणजे पाकिटाच्या मधली नव्हे, नव्या पाकिटाची पहिली!

समजा एकीचं पाकीट गुरुवारी संपलं. शुक्रवार ते पुढचा गुरुवार सुट्टी, शुक्रवारी रात्री नवीन पाकीट. पण ती लग्नाच्या गडबडीत शुक्रवार विसरली, शनिवारही गेला, आठवलं रविवारी रात्री. म्हणजे सातची सुट्टी नऊ दिवसांची झाली आणि पिशवीला वाढायला दोन दिवस जास्तीचे मिळाले. तिने काय करायचं? आठवल्याबरोबर चुकलेल्यांपैकी एक गोळी घ्यायची, रविवारची ठरल्या वेळेला घ्यायची, एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं, आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम. सातच का, तर बीजकोष पुन्हा नीट दबायला तेवढ्या लागतात. मागच्या पाच दिवसांत कंडोमशिवाय संबंध आला असेल तर मात्र थांबून राहायचं नाही, इमर्जन्सी गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारायचं.

हाच हिशोब सुरुवातीलाही लागू. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केली तर बहुतेक गोळ्यांचं संरक्षण लगेच मिळतं, नंतर केली तर सात दिवस कंडोम. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं धरून दुसरी घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर ती लिव्हरमध्ये हार्मोन लवकर संपवतात, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. आणि पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, बीपी जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, किंवा पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असाल, तर ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करूच नका, अशांसाठी इस्ट्रोजेन नसलेले दुसरे पर्याय आहेत.