सी खाली ओढून पाण्याचं ग्लायकॉल होत नाही

बसा मंडळी, मागे जागा आहे. मला पाऊण तास दिलाय आणि विषय आहे पाइपातलं घर्षण काढायला कुठलं सूत्र कधी घ्यायचं, पण त्याआधी एक प्रश्न. इथे किती जणांनी हेझन-विल्यम्सच्या सूत्रात ग्लायकॉलसाठी सी, म्हणजे पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा, कमी करून काम चालवलंय? हात वर करा, कोणी फोटो काढणार नाहीये... बरेच आहेत. मग आज मी मुख्यतः तुमच्याशीच बोलतो.

मी ही गोष्ट जिथे जातो तिथे सांगतो कारण त्या कामात मीही होतो आणि अजून मनातून जात नाही. एक थंड ग्लायकॉलची लाइन होती, आतला व्यास 50 मिलिमीटर, लांबी 100 मीटर, स्टीलचा पाइप. 40 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, चालायचं तापमान उणे 5. वेग 1.5 मीटर प्रति सेकंद. फिटिंग, व्हॉल्व्ह, एक्स्चेंजर सगळं आज बाजूला ठेवतो, नुसता सरळ पाइप धरतो. कन्सल्टंटच्या शीटमध्ये सी 140 घेतलेला आणि घर्षणाने होणारी घट आलेली साधारण 5 मीटर. पंप त्यावरच निवडला.

आता बघा काय झालं. लाइन धुवायची म्हणून आधी साधं पाणी भरलं, 20 अंशाचं. पूर्ण फ्लोवर गेज वाचला तर घट 5.2 मीटरच्या आसपास. सगळे खूश, शीट बरोबर! मग ग्लायकॉल भरलं, थंड केलं, पण पलीकडचं मशीन अजून तयार नव्हतं म्हणून व्हॉल्व्ह दाबून वेग 0.4 वर ठेवला आणि पुन्हा मोजलं. घट आली अर्धा मीटर. शीट म्हणतं 0.44. म्हणजे पुन्हा जवळपास जुळलं, उरलेला फरक गेजच्या माथी मारला आणि सह्या झाल्या.

पूर्ण लोडवर गेल्यावर फ्लो येईचना. ठरलेल्याच्या 80 टक्क्यांच्या आसपास अडकला. मग पहिले पंपाला शिव्या, मग गाळणी तीनदा उघडली, मग हवा अडकली म्हणून व्हेंट शोधत फिरलो. पंप वर्कशॉपला गेला आणि ठणठणीत परत आला. मला आजही राग येतो तो याचा की जवळच्याच टेबलावर सप्लायरचा तक्ता पडलेला होता, त्यात त्या तापमानाला व्हिस्कॉसिटी साधारण 10 मिलीपास्कल-सेकंद लिहिलेली, म्हणजे 20 अंशाच्या पाण्याच्या दहापट, आणि शीटमध्ये तो आकडा घालायला रकानाच नव्हता.

कारण सूत्रातच तो नाही. अॅलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाहत्या पाण्याच्या मोजमापांवर बसवलेलं हे सूत्र आहे. सी हा पाइपाच्या आतल्या पृष्ठभागाचा आकडा, व्हिस्कॉसिटी त्यात पाण्याची आहे असं गृहीतच धरलेलं. आणि पाण्यासाठी ते चालतं, हे मी मनापासून सांगतो, त्याची बदनामी करायला मी आलेलो नाही. आपल्याच पाइपात 5 अंशाचं पाणी घ्या, व्हिस्कॉसिटी हिशोबात धरणारं डार्सी-वाइसबाखचं सूत्र 5.5 मीटर देतं, 60 अंशाचं घ्या तर 4.8 देतं, हेझन-विल्यम्स दोन्हीला 5 म्हणतं. थंड पाण्याला आठेक टक्के कमी, गरमला चारेक टक्के जास्त. नव्या पाइपाचा सी 130 की 140 यातच याहून मोठी अनिश्चितता असते.

आता ग्लायकॉलचं तेच गणित करू. घनता 1045 धरली की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 9.6 सेंटिस्टोक येते. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले ही व्हिस्कॉसिटी, पाण्याला 75,000 होता, तो इथे 7,800. घर्षण गुणांक पाण्याला 0.0227, इथे 0.0346. घट 7.9 मीटर. आणि पंपाच्या बाजूने दाबात बघाल तर द्रव जड असल्यामुळे 81 किलोपास्कल, शीट म्हणत होतं 50.

मग 0.4 ला कसं जुळलं? हाच सगळ्यात फसवा भाग, इथे जरा लक्ष द्या. त्या वेगाला रेनॉल्ड्स नंबर साधारण 2,080, प्रवाह लॅमिनार, म्हणजे शांत थरांनी वाहणारा. लॅमिनारमध्ये गुणांक 64 भागिले रेनॉल्ड्स, म्हणजे 0.031. तोच वेग वाढवत रेनॉल्ड्स 4,000 ला नेलात की प्रवाह खवळतो आणि गुणांक उडी मारून 0.042 वर जातो. उडीच्या अलीकडे मोजलं म्हणून नशिबाने 0.44 च्या शेजारी येऊन बसलो. पाण्यावरची चाचणी खरी होती पण वेगळ्या द्रवाची, ग्लायकॉलवरची चाचणी खरी होती पण वेगळ्या प्रवाहाची. दोन्ही जुळल्या आणि दोन्हींनी पूर्ण फ्लोबद्दल काहीच सांगितलं नाही.

आता हात वर केलेल्यांकडे वळतो. सी खाली ओढला तर? 7.9 येण्यासाठी सी 110 च्या आसपास लागतो. 1.5 च्या वेगाला उत्तर अचूक. पण तोच 110 धरून 0.4 वर या, उत्तर 0.69 येतं आणि खरी घट 0.5. म्हणजे तुमचा सी त्या एका वेगाचा, एका व्यासाचा, एका तापमानाचा आहे, आणि 110 म्हणजे ग्लायकॉल असं कोणीतरी डायरीत लिहून ठेवतो आणि मग तो आकडा पिढ्यानपिढ्या फिरतो, ते नको.

काय, दहा मिनिटं? बरं, मग निवडीचं पटकन. पाणी, 5 ते 60 अंश, खवळलेला प्रवाह, नेहमीचे व्यास, असं असेल तर हेझन-विल्यम्स घ्या आणि शांत झोपा. ग्लायकॉल आलं की डार्सी-वाइसबाख. स्प्रिंकलरवाल्यांना हे माहीत असेल, NFPA 13 हे अमेरिकन स्प्रिंकलर मानक साध्या पाण्याला हेझन-विल्यम्स चालवतं पण 40 गॅलनपेक्षा मोठ्या अँटीफ्रीझ सिस्टिमला डार्सी-वाइसबाखच मागतं.

व्हिस्कॉसिटी सगळ्यात थंड तापमानाची घ्या, नेहमीच्या नाही, कारण थंड स्टार्टला पंपाला तीच दिसते. मग रेनॉल्ड्स काढा. 2,000 च्या खाली 64 भागिले रेनॉल्ड्स, तिथे पाइपाचा खडबडीतपणा विसरा. 5,000 च्या वर स्वामी-जैन यांचं 1976 चं सूत्र, कोलब्रूकसारखं फेऱ्या मारत बसावं लागत नाही:

```
f = 0.25 / (log10(e/(3.7*D) + 5.74/Re^0.9))^2
h = f * (L/D) * V^2 / (2*9.81)
```

स्टीलचा खडबडीतपणा e 0.045 मिलिमीटर, पहिल्या ओळीत D त्याच एककात, पण दुसऱ्या ओळीत L आणि D दोन्ही मीटरमध्ये. मधल्या पट्ट्यात, 2,000 ते 5,000, कुठल्याच आकड्यावर विसंबू नका, खवळलेल्या प्रवाहाचा जास्तीचा गुणांक धरा किंवा व्यास बदलून त्या पट्ट्यातून बाहेर या.

तिकडून प्रश्न आला, हो, पुस्तकात लॅमिनारला 16 भागिले रेनॉल्ड्स दिलंय ते काय? तो फॅनिंगचा गुणांक, डार्सीच्या चौथाई. वरच्या h च्या सूत्रात तो टाकलात तर घट चौथाई येईल, म्हणून कुठलाही चार्ट उघडला की आधी लॅमिनारच्या रेषेवर रेनॉल्ड्स 1,000 ला काय वाचलं जातं ते बघा. 0.064 असेल तर डार्सी, 0.016 असेल तर चारने गुणा.