पोटातले जंत, भिंतीची माती आणि अर्धी पोळी

नमस्कार श्रोतेहो. मूल जेवत नाही, बेंबीपाशी दुखतं म्हणून कुरकुरतं आणि वर कोणाचं लक्ष नसताना माती खातं, असं कळलं की घरातलं कोणीतरी मोठं माणूस सांगूनच टाकतं, "जंत झालेत. गोड बंद करा." यातलं पहिलं वाक्य पुष्कळदा खरं निघतं. दुसरं कधीच नाही. गुळाने किंवा साखरेने जंत होत नाहीत. ते बाहेरून, मातीतून येतात.

आज मी सगळ्या जंतांबद्दल बोलणार नाही. फक्त अंकुशकृमीबद्दल बोलते, ज्याला आम्ही डॉक्टर हूकवर्म म्हणतो. कारण भूक मरणं, पोट दुखणं आणि माती खाणं या तीनही तक्रारी याच्या एकट्याच्या अंगी आहेत, आणि तरीही तो कधी दिसत नाही. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, दोऱ्याच्या तुकड्याएवढा. लहान आतड्याच्या अस्तराला तोंड रुतवून बसतो, म्हणून शीतून सहसा पडत नाही. आई म्हणते, "मी रोज बघते, शीत काही नसतं." तिचं बघणं बरोबर असतं, पण हूकवर्म नाही हे त्यातून ठरत नाही. शीत दिसतात ते बहुधा गांडुळासारखे गोल जंत, नाहीतर रात्री ढुंगणाला खाज आणणारे सुतासारखे बारीक कृमी.

एक उदाहरण घेऊ. कोकणातल्या बागेच्या कडेला राहणारी सहा वर्षांची मुलगी. वजन १५ किलो. दिवसभर अनवाणी. शौचाला बागेतच जायचं, झाडांच्या सावलीत, जिथे जमीन ओलसर असते. उघड्यावरच्या विष्ठेतली अंडी अशा उबदार, ओल्या मातीत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या तयार होतात. त्या कातडीतून आत शिरतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, पुरळ येतं, आपण म्हणतो चिखल्या झाल्या. काही वेळा ती या अळ्यांची वाट असते. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशाशी, आणि मग गिळल्या जाऊन आतड्यात.

आता पोटदुखी. अळी आतड्यात पोचते, मोठी होते, अस्तर धरते. तिथे सूज येते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, कधी जुलाब होतात. नंतर दुखणं बोथट होतं आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं.

भूक कमी होण्याला दोन कारणं आहेत. शरीर त्या जंताशी लढतं तेव्हा रक्तात जी रसायनं सुटतात ती मेंदूतली भूक दाबतात. तापात अन्न नकोसं होतं तसंच, फक्त हळूहळू आणि महिनोन्महिने. दुसरं कारण लोहाचं. अंगातलं लोह घटलं की त्यानेही भूक मंदावते. हे नुसतं म्हणणं नाही. केनियातल्या शाळकरी मुलांना जंताची गोळी देऊन काही महिन्यांनी त्यांच्यापुढे पोट भरेपर्यंत पेज ठेवली आणि कोण किती पितो ते मोजलं. १९९३ साली तो अभ्यास छापून आला. गोळी घेतलेली मुलं जास्त पेज प्याली. आपली ही मुलगी अर्ध्या पोळीवर उठते ती लाडावली म्हणून नाही.

लोह जातं कुठे, याचा हिशोब सोपा आहे. आपल्याकडे आढळणाऱ्या एका जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे थेंबाहूनही कमी. पण असे ६० असले तर रोज जवळजवळ दोन मिलिलिटर. तेवढ्या रक्तात पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. त्यातलं थोडं आतडं परत शोषून घेतं, बाकीचं जातं. आणि एवढं मूल दिवसभराच्या जेवणातून मिळवतं तेच मुळी एक मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात सकाळी चहात बुडवून पोळी, म्हणजे चहा त्या जेवणातलं लोह आणखी अडवतो. कमाईतला मोठा वाटा असाच खर्च. वाढीला काय उरणार?

आता भिंतीची माती. या मुलीची आजी सांगते की पोर सारवलेल्या भिंतीचे पोपडे काढून खाते, शाळेत पाटीची पेन्सिल चघळते, आणि पहिल्या पावसाचा वास आला की तिला राहवत नाही. "पोटातले जंत मागतात," असं आजीचं म्हणणं. जंत काही मागत नाहीत. लोह कमी झालेल्या माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ अशा गोष्टींची ओढ लागते, मूल असो की गरोदर बाई. हे का होतं याचं पुरतं उत्तर वैद्यकाकडे अजून नाही, पण लोह दिलं की ओढ जाते हे आम्ही नेहमी पाहतो. त्या मातीने लोह मिळत नाही. उलट काही मातींना जेवणातलं लोह चिकटून राहतं आणि ते अंगी लागत नाही, शिवाय गोल जंतांची अंडी त्याच मातीतून पोटात जातात. म्हणजे लोह कमी म्हणून माती, आणि मातीपायी आणखी एका जातीचे जंत.

या मुलीचं हिमोग्लोबिन सात. शौचाच्या तपासणीत हूकवर्मची अंडी. उपचार दोन, आणि एकाने भागत नाही. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यात. हीच गोळी राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत मिळते. पण गोळीने जंत जातात, गेलेलं रक्त परत येत नाही. त्यासाठी वजनाच्या हिशोबाने लोह: हिला दिवसाला ४५ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निदान तीन महिने. शी काळी होईल, घाबरू नका. चहा मात्र औषधापासून आणि जेवणापासून दूर. बरेच आईबाप पहिली गोळी देतात आणि दुसरं औषध महिन्यात सोडून देतात, कारण मूल हसायला लागलेलं असतं. मग सहा महिन्यांनी पुन्हा तेच, "गोळीचा उपयोग नाही."

आणि एक. पोट फुगलंय, हिरव्या उलट्या होतायत, शी होत नाही, असं असेल तर घरी गोळी देऊ नका. गोल जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. थेट रुग्णालयात न्या. वारंवार पोट दुखणाऱ्या पुष्कळ मुलांना जंत नसतातच, नुसता मलावरोध असतो, तेही तपासून घ्या.

औषध लागू पडतंय हे कसं ओळखायचं? रक्ताची तपासणी महिन्याने करतात. पण भिंत बघा. लोह सुरू झाल्यावर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत पोपडे पडायचे थांबतात, हिमोग्लोबिन पुरतं चढायच्या कितीतरी आधी. थांबले नाहीत, तर औषध पोटात जातंय की गच्चीवरून खाली, ते आधी पाहा.